रडता रडता श्वास अडकतो, म्हणून मोबाइल द्यायचा का?

*माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. मी नोकरी करते, दिवसभर तो सासू-सासऱ्यांकडे असतो. मी पावणेसातला घरी आले की अर्ध्या तासात काहीतरी बिनसतं, बहुतेक वेळा मोबाइलवरून. नाही म्हटलं की लोळण घेतो, फरशीवर डोकं आपटतो, मला चापट्या मारतो. गेल्या महिन्यात असाच रडता रडता त्याचा श्वास अडकला, ओठ निळे पडले, अंग सैल पडलं. अर्ध्या मिनिटात ठीक झाला, पण तेव्हापासून सासूबाई त्याला रडूच देत नाहीत, मागेल ते हातात देतात. नवरा म्हणतो, दोन फटके दिले की सरळ होईल. दुपारी हल्ली झोपत नाही, रात्री साडेदहाला झोपून सातला उठतो. जेवायला त्रास देतो, पण दूध बाटलीने तीन वेळा पोटभर पितो. बोलतो बऱ्यापैकी, ‘आई ये’, ‘मला नको’ असं. माझं काय चुकतंय?*
*एक आई, नाशिक*

आधी त्या निळ्या ओठांबद्दल बोलू. ती भीती घरातून गेल्याशिवाय पुढचं काहीही सांगितलं तरी सासूबाईंच्या हातून होणार नाही, आणि ते साहजिक आहे. नातवाचं अंग सैल पडलेलं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना ‘रडू द्या, काही होत नाही’ एवढं सांगून भागत नाही.

तुम्ही लिहिलेलं वर्णन श्वास अडकण्याच्या झटक्याशी जुळतं. डॉक्टर त्याला ब्रेथ होल्डिंग स्पेल म्हणतात. मूल रागाने किंवा काही लागल्यामुळे जोरात रडतं, रडताना छातीतला श्वास बाहेर टाकतं आणि तिथेच अडकतं. तोंड उघडं असतं, पण आवाज येत नाही. ओठ निळे पडतात, कधी अंग सैल पडतं, कधी क्षणभर ताठ होतं, हातपाय एकदोनदा झटकले जातात. मग शरीर आपोआप श्वास सुरू करतं. बहुतेक वेळा हे सगळं मिनिटाच्या आत आटपतं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात असे झटके येतात आणि बहुतेक मुलांचे चार-पाच वर्षांपर्यंत थांबतात. सासूबाईंना दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. मूल हे मुद्दाम करत नाही, श्वास धरणं-सोडणं त्या क्षणी त्याच्या ताब्यात नसतं. आणि अशा साध्या झटक्यांनी मुलाच्या मेंदूला इजा होत नाही.

तरी पत्रावरून निदान करता येत नाही. पहिल्या झटक्यानंतर मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं, आणि तुमचं ते राहिलं असेल तर याच आठवड्यात जा. मिरगी नाही ना, हृदयाच्या ठोक्यांचा दोष नाही ना, हे डॉक्टर पाहतील. गरज वाटली तर ईसीजी काढतील. घराण्यात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर ते न विचारताही सांगा. सासूबाईंना बरोबर न्या. दिवसभर मूल त्यांच्याकडे असतं, त्यांचे प्रश्न त्यांनीच विचारावेत आणि उत्तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरोघरी किती फरक पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पुन्हा असं झालं तर त्याला जमिनीवर कुशीवर निजवा, तोंडात घास किंवा बिस्किट असेल तर जे दिसतंय तेवढं काढा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा आणि घड्याळाकडे बघा. यापलीकडे काही करू नका. तोंडावर पाणी मारणं, गदागदा हलवणं, तोंडात बोट किंवा चमचा घालणं, कांदा हुंगवणं, यातलं काहीही उपयोगाचं नाही, आणि तोंडात घातलेल्या वस्तूने घसा बंद होऊ शकतो. घाबरून उभं धरून खांद्यावर टाकण्याचा मोह होतो, पण आडवं ठेवलं की मेंदूकडे रक्त नीट पोचतं. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांनी मोबाइलवर चित्रण करावं. डॉक्टरांना ते तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मिनिटभरात श्वास आला नाही, नंतरही मूल बराच वेळ गुंगीत राहिलं, झोपेत किंवा न रडताच असं झालं, तर तो साधा झटका समजू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा.

आता दुधाकडे या. तीन बाटल्या पोटभर, म्हणजे साधारण पाऊण लिटर दूध. एवढं दूध पोटात गेल्यावर पोळी-भाजीला जागाच राहत नाही, आणि गायी-म्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतंच. अशा मुलांमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांपैकी दोघांत रक्त कमी आढळलं होतं. लोह कमी असलेल्या मुलांत श्वास अडकण्याचे झटके जास्त येतात आणि लोह भरून निघालं की कित्येकांचे झटके कमी होतात किंवा थांबतात. ही गोष्ट फारच थोड्या घरांत माहीत असते, म्हणून ती ठळकपणे सांगतो आहोत. डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन तपासण्यांबद्दल विचारा. या वयात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी धरतात. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनवरून कळतो. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, ते डॉक्टर ठरवतील. अंगणवाडीत मिळणारं लोहाचं सिरप हे प्रतिबंधासाठी असतं. आठवड्यातून दोनदा १ मिली अशी त्याची मात्रा असते. कमतरता निघाली तर तेवढं पुरत नाही. लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका, ते अंगी लागत नाही. दोन तास आधी किंवा नंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर दिलं तर चांगलं. शी काळी होईल, त्याने घाबरू नका. आणि दूध दिवसाला चारशे ते पाचशे मिलीवर आणा, बाटलीतून नाही, पेल्यातून. आधी दुपारची बाटली बंद करा, चार दिवसांनी संध्याकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी.

एवढं झालं की मग थयथयाटाचा प्रश्न खऱ्या अर्थाने हातात घेता येतो.

दोन वर्षांचं मूल असं का करतं, याचं उत्तर त्याच्या तीन गोष्टींच्या असमान वाढीत आहे. ‘मी’ आणि ‘माझं’ त्याला आत्ताच कळायला लागलंय, त्यामुळे काय हवं ते त्याला अगदी पक्कं ठाऊक असतं. ते सांगायला शब्द मात्र दोन-दोनच जुळतात. ‘मोबाइल दे’ म्हणता येतं. ‘आजीने लावलेलं गाणं अर्धंच राहिलं, ते संपू दे’ हे म्हणता येत नाही. आणि मनात आलेली गोष्ट रोखून धरणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात जेमतेम कामाला लागलेला असतो. तो पूर्ण तयार व्हायला विशी उजाडते. ‘पाच मिनिटांनी देते’ याचा त्याला अर्थच लागत नाही, कारण पाच मिनिटं म्हणजे किती हे त्याच्याजवळ मोजायला काही नाही. ‘हात धुऊन झाले की’ याचा मात्र लागतो. दीड ते तीन वर्षं या वयातली बहुतेक सगळी मुलं असं आकांडतांडव करतात. तुमचा मुलगा दोन शब्द जोडून बोलतो, हाक मारतो, नकार देतो. बोलण्याच्या बाबतीत तो ठीक चालला आहे.

आता एकेका थयथयाटाची आतली रचना पाहा, कारण कुठल्या क्षणी काय करायचं ते त्यावर ठरतं. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून थयथयाटाची क्रमवार हकिगत घेऊन ती तपासली. त्यात असं दिसलं की या रडण्यात दोन भावना एकत्र असतात, राग आणि दुःख, पण त्यांची चाल वेगळी असते. किंचाळणं, लाथा झाडणं, मारणं, वस्तू फेकणं हा राग. तो सुरुवातीलाच उसळतो आणि ओसरत जातो. मुसमुसणं, हुंदके देणं, जवळ येऊ पाहणं हे दुःख. ते आधीपासूनच खाली वाहत असतं आणि राग ओसरला की उघडं पडतं. तीन-चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांत संपले होते. सर्वांत जास्त वेळा दिसलेला अवधी तर अर्धं ते एक मिनिट एवढाच होता.

आपण नेमका उलटा वेळ निवडतो. राग टिपेला असताना समजावायला जातो, ‘काय झालं? का रडतोस? हे हवं का? बिस्किट देऊ?’ असे प्रश्न विचारतो. त्या अवस्थेत मुलाच्या डोक्यात वाक्य शिरत नाही. प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज, आणखी एक मागणी, आणि राग पुन्हा वर चढतो. आणि मग तो हुंदके देत पदराकडे येतो तेव्हा आपणच थकलेलो आणि चिडलेलो असतो, म्हणून दूर लोटतो किंवा लेक्चर देतो. जवळ घ्यायची वेळ नेमकी तीच असते.

तुमच्या संध्याकाळीच हे बसवून पाहू. समजा, सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत. तुमचा फोन वाजला, त्याने पाहिला, मागितला. तुम्ही नाही म्हणालात. त्याने फतकल मारली आणि भोकाड पसरलं.

पहिल्या मिनिटात एकाच मोठ्या माणसाने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत जायचं. सासरे ‘अरे अरे’ करतायत, सासूबाई ‘दे गं त्याला’ म्हणतायत आणि नवरा आतून ओरडतोय, अशा तीन सुरांत मूल शांत होत नाही. तुम्ही खाली, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसा. एकदाच, हळू आवाजात म्हणा, ‘मोबाइल हवा होता. राग आला.’ संपलं. त्याच्या भाषेएवढंच लांब वाक्य. मग गप्प. त्याच्याकडे रोखून पाहू नका, पाठही फिरवू नका.

डोकं आपटत असेल तर त्याच्या डोक्याखाली गोधडी किंवा उशी सरकवा, भिंतीपासून दूर घ्या आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका. डोकं आपटलं की सगळं घर धावतं, हे दोनदा झालं की ते आपटणं टिकतं. अशा रागात मुलं सहसा स्वतःला गंभीर इजा करून घेत नाहीत, दुखलं की थांबतात. तुम्हाला मारायला आला तर मनगट सैलसर धरा, ‘मारू देणार नाही’ एवढं म्हणा आणि सोडा. पुन्हा मारलं तर पुन्हा तेच. ‘आईला लागलं, आई रडणार’ असं नाटक नको, त्याला ते मजेशीर वाटतं किंवा तो घाबरतो.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कान देऊन ऐका. किंकाळीचा सूर खाली येतो, मध्ये श्वास घ्यायला थांबतो, ‘आई’ असं काहीतरी येतं. तोच वळणाचा क्षण. आता हात पुढे करा. आला तर मांडीवर घ्या, पाठीवरून हात फिरवा, पाणी द्या. बोलायचं असेल तर आत्ता, तेही एक वाक्य: ‘मोबाइल नाही मिळाला, वाईट वाटलं.’ मग लगेच एखादं हाताचं काम: ‘चल, मटार सोलू.’ पातेल्यात दाणे टाकण्याचा आवाज या वयाच्या मुलाला पुरतो. झालेल्या प्रकाराची उजळणी करू नका. अडीच वर्षांच्या मुलाकडून ‘सॉरी’ म्हणवून घेण्यात बऱ्याचदा दुसरा थयथयाट सुरू होतो.

आणि जवळ घेतलं म्हणजे लाड झाला, असं कुणी म्हणालं तर फरक सांगा. मांडी दिली, मोबाइल दिला नाही. रडून मांडी मिळते हे त्याने शिकावं, त्यात काहीही नुकसान नाही. रडून मोबाइल मिळतो हे शिकू नये.

खरी अडचण इथेच आहे. समजा, आठवड्यातल्या सात संध्याकाळींपैकी पाच वेळा तुम्ही ठाम राहता आणि दोन वेळा सासूबाई चौथ्या मिनिटाला मोबाइल देतात. आपल्याला वाटतं, पाच वेळा तरी शिस्त लागली. मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याला कळलेलं असतं ते असं, की मोबाइलसाठी चार मिनिटं रडावं लागतं आणि आज नाही तर उद्या मिळतो. रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीसाठी माणूस जास्त चिवटपणे प्रयत्न करतो, मोठी माणसंही लॉटरीचं तिकीट याच कारणाने घेत राहतात. म्हणून घरात एकच नियम ठरवा: द्यायचंच असेल तर मागितल्याबरोबर, रडण्याआधी द्या. एकदा नाही म्हटलं आणि रडणं सुरू झालं, की ते त्या वेळेपुरतं नाहीच. पाहुणे आलेत, डोकं दुखतंय, आज निभवायची ताकद नाही, अशा दिवशी सरळ आधीच ‘हो’ म्हणा. त्याने बिघडत नाही. बिघडतं ते ‘नाही’चं ‘हो’ झाल्यावर.

हा नियम लागू केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढेल. आधी चार मिनिटांत मिळायचं ते मिळेना, म्हणून तो आठ मिनिटं रडून पाहील. हे होणारच आहे, आणि बहुतेक घरं याच टप्प्यावर ‘उपाय उलटला’ असं म्हणून सोडून देतात. मग मुलाला मात्र आठ मिनिटांची नवी किंमत कळते. म्हणून सुरुवात करायचा दिवस जपून निवडा. लागून दोन सुट्ट्या असलेला शनिवार घ्या. त्याला सर्दी-ताप नसावा, घरात कार्य नसावं. आणि डॉक्टरांची भेट त्याआधी झालेली असावी, नाहीतर पाचव्या मिनिटाला पुन्हा त्या निळ्या ओठांची आठवण होईल आणि हात मोबाइलकडे जाईल. झटका आलाच, तर वर सांगितलं तसं करा, शुद्धीवर आल्यावर जवळ घ्या, आणि तरीही मोबाइल देऊ नका. श्वास अडकणं तो मुद्दाम करत नाही हे खरं, पण त्यानंतर काय मिळतं हे त्याला आठवतं.

थयथयाट सुरू झाल्यावर आपल्या हातात फारसं नसतं. आधीच्या दोन तासांत मात्र पुष्कळ असतं, आणि तुमच्या पत्रात ते आकड्यांसकट आहे. साडेदहा ते सात म्हणजे साडेआठ तासांची झोप. या वयाच्या मुलाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास लागतात. निदान अडीच तास कमी, रोज. अडीच वर्षांआधी दुपारची झोप क्वचितच खरोखर नको झालेली असते. बहुतेक वेळा ती उशिरा झोपवल्याने किंवा समोर टीव्ही चालू असल्याने बिनसते. जेवण बाराला उरका, साडेबाराला खोलीत पडदे ओढून सासूबाईंनी शेजारी पडावं, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. पहिले चार-पाच दिवस तो नुसता लोळेल, तरी वेळ पाळा. अडीचला उठवा, त्यापुढे गेलं तर रात्र लांबते. रात्रीची वेळ एकदम नऊवर आणू नका, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ओढा. अठरा दिवसांत साडेदहाचे नऊ होतात.

दुसरं म्हणजे भूक. पावणेसातला तो शेवटचं काय खाऊन किती वेळ झालेला असतो, हे एकदा विचारा. चारची बाटली आणि दोन बिस्किटं एवढंच असेल तर तुम्ही दारात येता तेव्हा तो उपाशी आहे. सहाच्या सुमाराला पोटभर काहीतरी हवं: उपमा, अंडं घातलेली पोळी, मुगाचं धिरडं, केळं आणि दाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे या वयात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. वर लिंबाची फोड पिळली की डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं, म्हणजे तेही काम होतं.

आणि तुमचं घरी येणं. दिवसभर आजी-आजोबांपाशी शहाण्यासारखं वागलेलं मूल आई दिसताच रडू लागतं, आणि आईला वाटतं माझ्यापाशीच का. कारण तुमच्यापाशी मनातलं मोकळं करता येतं. चप्पल काढल्यापासून पहिली पंधरा मिनिटं त्याची ठेवा. फोन दारात शिरण्याआधीच आवाज बंद करून पर्समध्ये, पर्स कपाटात. हातपाय धुवायला जातानाही त्याला बरोबर न्या. चहा, कपडे, स्वयंपाक हे सगळं त्या पंधरा मिनिटांनंतर. जो फोन दिसतच नाही त्यावरून भांडण होत नाही, म्हणून सासूबाईंचा फोनही सहानंतर फ्रिजवर राहू द्या.

मोबाइल पूर्ण बंद करायला आम्ही सांगत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाबरोबर बसून, असा आहे. वेळ ठरलेली असली की मागणी कमी होते. समजा चार वाजता, खाऊ झाल्यावर, आजीबरोबर तीन गाणी. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर गाण्यामागून गाणं लागत राहतं आणि संपलं असा क्षणच येत नाही. गाणं मध्येच तोडू नका. शेवटचं गाणं सुरू होतानाच सांगा, ‘हे झालं की बाय बाय’, आणि बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या. जेवताना मात्र नको, आणि गप्प करायला तर मुळीच नको. दर वेळी राग मोबाइलने विझवला तर तो स्वतःहून ओसरतो हे त्याला कधी अनुभवायलाच मिळत नाही.

यजमानांना फटक्यांबद्दल एवढं सांगा. फटका खाऊन मूल कधीकधी लगेच थांबतं, त्यामुळे तो उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. ते थांबणं दचकून असतं. मारायचं नाही हे मारून शिकवता येत नाही, हे एक. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. श्वास अडकण्याच्या झटक्यांचा दुसरा प्रकार अचानक दुखल्याने किंवा दचकल्याने येतो, त्यात मूल निळं न पडता पांढरंफटक पडतं. ज्याला एक प्रकार होऊन गेलाय त्याला मुद्दाम दचकवणं शहाणपणाचं नाही. ‘पोलीस येईल’, ‘बागुलबुवा नेईल’ हेही त्यातच आलं. त्यांनी हातभार लावायचा असेल तर काम ठरलेलं आहे: सात ते आठ या वेळात स्वयंपाक किंवा मूल, दोन्हींपैकी एक त्यांच्याकडे.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. थयथयाट झाला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, त्याआधी लगेच काय झालं, घड्याळाने किती मिनिटं, शेवटी काय मिळालं. घड्याळ पाहायचंच, कारण रडणारं मूल समोर असताना तीन मिनिटं पंधरा वाटतात. सात दिवसांनी कागद वाचलात तर बहुधा एकदोन वेळाच पुन्हा पुन्हा दिसतील. त्या वेळांच्या आधीची भूक आणि झोप सुधारा.

तोच कागद डॉक्टरांनाही दाखवा. त्यात पुढचं काही दिसलं तर बालविकासतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा: थयथयाट नेहमीच पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त चालतो, कित्येक दिवस दिवसाला पाचपेक्षा जास्त वेळा होतो, बहुतेक वेळा तो स्वतःला जखमा करून घेतो किंवा दुसऱ्यांना मारतो, किंवा मोठ्यांनी शांत केल्याशिवाय कधीच शांत होत नाही. बोलणं मागे पडलं, हाकेला ओ देईनासा झाला, बोट दाखवून वस्तू मागेनासा झाला, तर कानाची तपासणी आधी. नीट ऐकू न येणारं मूलही असंच चिडचिडं दिसतं.

बदल मोजायला तीन आठवडे द्या. थयथयाट बंद झाले का हे पाहू नका, ते या वयात बंद होत नाहीत. मिनिटं कमी झाली का, आणि रडून झाल्यावर तो स्वतःहून तुमच्याकडे येतो का, एवढं पाहा. तीन आठवड्यांनी मिनिटं तेवढीच राहिली, तर कागदाचा फोटो आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन पुन्हा लिहा.